अर्ध्या ग्लासात चेहरा लालबुंद: जपानी पाहुणे आणि तासगावचा मावसभाऊ, दोघांचं कारण एकच आहे का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:१०

दोन प्रसंग मांडतो. दोन्ही गेल्या पंधरा दिवसांतले आहेत.

पहिला: गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत कामासाठी जपानहून एक इंजिनिअर आले आहेत, वय पन्नाशीच्या आत. जेवणाच्या वेळी त्यांनी साधी बिअर अर्धा ग्लास घेतली, म्हणजे १५० मिली धरा. दहा मिनिटांत चेहरा, कान, मान लाल. डोळेही लाल. त्यांनी शांतपणे सांगितलं की कॉलेजपासून असंच होतं, वडिलांनाही होतं.

दुसरा: माझा मावसभाऊ, वय ३६, तासगावजवळ द्राक्षबाग. महिन्या-दोन महिन्यांतून दोन छोटे पेग घेणारा, दहा वर्षांत कधी त्रास नाही. परवा कोल्हापुरात आला, तांबडा-पांढरा रस्सा होता, जेवणाआधी व्हिस्कीचा ३० मिलीचा एकच पेग घेतला. पंधरा मिनिटांत चेहरा आणि छाती लाल झाली, धडधड सुरू झाली, डोकं ठणकू लागलं, उलटी झाली, उभा राहिला तर चक्कर. आडवा केला. तास-दीड तासानं उतरलं. तोच माल इतर तिघांनी घेतला, त्यांना काही झालं नाही.

जपानी लोकांमध्ये एक एन्झाइम कमी असतं एवढं ऐकून आहे. मग मावसभावाचं ते एन्झाइम ३६व्या वर्षी अचानक गेलं कुठं?

---

तालीमवाला, सोमवार, रात्री ९:३२

भावा, मावसभावाचं लिव्हर तपासून घे. लिव्हर कमकुवत झालं की असंच होतंय. आणि ही अ‍ॅलर्जीच हाय, दुसरं काय नाय. आमच्यातला एकजण आधी सेट्रिझिन घेतो, मग लाली येतच नाही त्याला. पाहुण्यांनाबी सांग.

---

पन्हाळकर, सोमवार, रात्री ९:५०

मला रेड वाईन घेतली की नाक चोंदतं आणि शिंका येतात. चेहरा लाल होत नाही. व्हिस्कीनं काही होत नाही. माझंही एन्झाइम कमी असेल का? टेस्ट कुठं होते?

---

जीवरसायन, सोमवार, रात्री ११:०५

धागाकर्त्यांनी दोन्ही प्रसंग मात्रेसकट लिहिले आहेत, त्यामुळे नीट विचार करता येतो.

आधी मात्रा बघू. ३० मिली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. तिच्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम. १५० मिली, पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये सहा ग्रॅमच्या आसपास. दोन्ही खरोखर थोड्या मात्रा आहेत. हे आधी सांगतो कारण बरेच जण 'एकच बाटली घेतली' म्हणतात आणि ती आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर असते. तिच्यात ४१ ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. तिथं मुळात 'थोडी घेतली' हेच खरं नसतं.

आता शरीरात काय होतं ते आपल्या भागातल्या भाषेत सांगतो. गळीत हंगामात कारखान्यावर ट्रॉली आली की आधी काट्यावर वजन होतं आणि ती यार्डात जाते. यार्डातून ऊस गव्हाणीत पडतो. अल्कोहोलचंही असंच. पहिलं एन्झाइम, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. हा झाला काटा. दुसरं एन्झाइम, एएलडीएच-२, ते अ‍ॅसिटाल्डिहाइड संपवून अ‍ॅसिटेट करतं, जे पुढं शरीर इंधनासारखं वापरतं. ही गव्हाण. गव्हाण चालू असेल तर यार्ड जवळपास मोकळं राहतं, म्हणून बहुतेकांच्या रक्तात अ‍ॅसिटाल्डिहाइड अगदी नगण्य असतं. गव्हाण बंद पडली आणि काटा चालूच राहिला, तर यार्ड तुंबतं. लाली, धडधड, मळमळ, डोकेदुखी ही सगळी त्या तुंबलेल्या यार्डाची लक्षणं. दारूची नशा वेगळी, हे वेगळं. म्हणून नशा चढायच्या कितीतरी आधी, दहा-पंधरा मिनिटांत हे दिसतं.

जपानी पाहुण्यांची गव्हाण जन्मापासून अडलेली आहे. बाराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एका अक्षराचा फरक, त्यामुळे प्रथिनात ५०४व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन बसतं. चीन, जपान, कोरिया, तैवान या पट्ट्यात ते फार मोठ्या प्रमाणात आढळतं, जगभरात सुमारे ५४ कोटी लोकांत. भारतात, ईशान्येकडचा भाग सोडला तर, ते अगदी विरळ आहे.

मावसभावांसाठी म्हणूनच जनुकाचं उत्तर जवळपास बाद होतं. जन्मजात दोष पहिल्या घोटापासून दिसतो. दहा वर्षं दोन पेग पचवणाऱ्याला तो नसतो. त्यांची गव्हाण चांगली होती, ती आत्ता कुणीतरी बंद केली आहे. तर विचारा: गेल्या पंधरा दिवसांत कुठली गोळी, इंजेक्शन, मलम, पुडी? आणि बागेत कुठलं काम चालू होतं? तारखांसकट हवं.

तालीमवाले, लिव्हर तपासणं वाईट नाही, पण कमकुवत लिव्हर एका पेगावर पंधरा मिनिटांत असा झटका देत नाही. सेट्रिझिनबद्दल उद्या लिहितो, तो मुद्दा महत्त्वाचा आहे.

---

शिरोळकर, मंगळवार, सकाळी ७:४०

मी एका लेखात ४८७वी जागा वाचली आहे, ५०४ नव्हे. दुसरं असं की, आई-वडिलांपैकी एकाकडून दोष आला आणि दुसऱ्याकडून चांगली प्रत आली, तर निम्मं एन्झाइम चांगलं राहायला हवं. निम्मी गव्हाण चालू असेल तर सहा ग्रॅमला एवढा त्रास का व्हावा?

---

जीवरसायन, मंगळवार, सकाळी ८:२५

दोन्ही आकडे एकाच जागेचे आहेत. हे प्रथिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात शिरताना त्याचा सुरुवातीचा १७ दुव्यांचा तुकडा कापला जातो. कापण्याआधी मोजलं तर ५०४, नंतर मोजलं तर ४८७.

दुसरा प्रश्न या सगळ्याचा गाभा आहे. हे एन्झाइम एकेकटं काम करत नाही, चार भाग एकत्र येऊनच ते तयार होतं. चौघांच्या खांद्यावरची पालखी समजा. गावातल्या निम्म्या माणसांचे खांदे दुखावलेले आहेत आणि चौघे कोणतेही, न निवडता उभे राहतात. चारही धडधाकट येण्याची शक्यता किती? अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याचा अर्धा, म्हणजे सोळांत एक. उरलेल्या पंधरा पालख्यांत एक तरी दुखरा खांदा आहे आणि तो बाकीच्यांनाही नीट चालू देत नाही. शिवाय अशी मिश्र पालखी लवकर मोडते, पेशी तिला लवकर काढून टाकते. मिश्र पालख्या थोडंफार काम करतात, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता सोळाव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरते, पण निम्म्याच्या बरीच खाली राहते. दोन्हीकडून दोष आला तर क्षमता जवळपास शून्य, आणि ती माणसं सहसा पिऊच शकत नाहीत.

पेशीत याच कुळातलं दुसरं एक एन्झाइम असतं, पण ते अ‍ॅसिटाल्डिहाइड बरंच साचल्याशिवाय जोमानं कामाला लागत नाही. म्हणजे यार्ड तुंबल्यावरच मागचं दार उघडतं.

---

फार्मसी_राजारामपुरी, मंगळवार, सकाळी १०:१५

पन्हाळकर, तुमचं बहुधा वेगळं आहे. रेड वाईनमध्ये हिस्टामाइन आणि सल्फाइट दोन्ही असतात, नाक चोंदणं त्यांच्यामुळे होऊ शकतं. एन्झाइम अडलेलं असतं तर व्हिस्कीनंही लाल झाला असता, कारण अल्कोहोल सगळ्यांत एकच.

धागाकर्त्यांनी औषधांची यादी तपासताना या गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. डायसल्फिरॅम, म्हणजे दारू सोडवायची गोळी. गजकर्णासाठीची ग्रिसिओफल्विन, आपल्याकडे ही बरीच चालते. सेफोपेराझोनसारखं इंजेक्शन, हे ॲडमिट असताना दिलं जातं आणि पेशंटला नाव माहीत नसतं, म्हणून डिस्चार्ज कार्ड बघा. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल. चेहऱ्यावर टॅक्रोलिमसचं मलम चालू असेल तर दारूनंतर चेहरा लाल होतो, पण ती लाली त्वचेपुरती असते, उलटी आणि चक्कर तिच्यात बसत नाही.

---

जीवरसायन, मंगळवार, सकाळी ११:००

यादी उपयोगी आहे. मेट्रोनिडाझोलपाशी मात्र थोडं थांबू. २००२मध्ये फिनलंडमध्ये १२ निरोगी पुरुषांवर चाचणी झाली, निम्म्यांना मेट्रोनिडाझोल, निम्म्यांना नकली गोळी, नंतर सगळ्यांना अल्कोहोल. रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढलं नाही, लक्षणांतही फरक दिसला नाही. त्याउलट तुरळक रुग्णांच्या नोंदी आहेत.

---

फार्मसी_राजारामपुरी, मंगळवार, सकाळी ११:२०

सर, बारा माणसांच्या चाचणीवर मी काउंटरवर 'चालतंय' म्हणणार नाही. पाकिटातल्या पत्रकात इशारा आहे तोवर मी मेट्रोनिडाझोलला तीन दिवस आणि टिनिडाझोलला त्याहून जास्त थांबायलाच सांगणार.

---

जीवरसायन, मंगळवार, सकाळी ११:२८

काउंटरवर तसंच सांगा. कारण शोधताना मात्र मी त्याला खालच्या क्रमांकावर ठेवेन.

---

मायाक्का, मंगळवार, दुपारी १:१०

मला विज्ञान फार कळत नाही, पण एक समजलं की हे एन्झाइम बंद केलं की माणूस पिऊ शकत नाही. माझा भाऊ रोज पितो. बाजारात चहातून द्यायची पुडी मिळते, त्याला न कळता. तिच्यात हेच असतं का? दिली तर सुटेल का?

---

फार्मसी_राजारामपुरी, मंगळवार, दुपारी १:४५

ताई, कृपा करून देऊ नका. आधी कारण सांगतो.

पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. तिच्यात डायसल्फिरॅम असेल तर ते गव्हाण कायमची जाम करतं. शरीर नवीन एन्झाइम बनवेल तेव्हाच ती सुटते, म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. भाऊ रोज पितात. त्यांना माहीत नसेल तर ते नेहमीसारखे तीन-चार पेग एका बैठकीत घेतील. इथं एका पेगावर धडधाकट माणसाला चक्कर आली आहे. चार पेगांवर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, हृदयाला त्रास असेल तर जीवही जाऊ शकतो. आणि आपल्याला काय दिलंय हे ते डॉक्टरांना सांगू शकणार नाहीत.

हीच गोळी रीतसर देतात तेव्हा माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं देतात. आधी यकृत आणि हृदय तपासतात. शेवटच्या पेगानंतर किमान बारा तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. पुढं नेहमीची मात्रा दिवसाला २५० मिग्रॅच्या आसपास. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके, भ्रम होऊ शकतो, त्यासाठी आधी वेगळी औषधं लागतात. सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत भावाला घेऊन जा. ते येत नसतील तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या जाऊन बोला, तेही चालतं.

---

जीवरसायन, मंगळवार, दुपारी २:३०

मायाक्काताईंच्या प्रश्नामुळे या गोळीचा इतिहास आठवला, आणि मावसभावाच्या प्रकरणात तो उपयोगी पडेल असं वाटतं.

हे औषध दारू सोडवण्यासाठी कुणी शोधायला निघालं नव्हतं. १९३७मध्ये अमेरिकेत रबर कारखान्याच्या एका डॉक्टरनं नोंदवलं की रबर पक्कं करायच्या रसायनांत काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. पुढं १९४८मध्ये डेन्मार्कमधल्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्याच कुळातल्या डायसल्फिरॅमचा हा परिणाम औषध म्हणून मांडला. त्याचं सख्खं भावंड म्हणजे थायरम, जे आपल्याकडे सोयाबीन-भुईमुगाच्या बीजप्रक्रियेला वापरतात.

सांगायचं हे की गोळी न घेता, नुसत्या कामावरच्या संपर्कानंही ही गव्हाण बंद पडू शकते. म्हणून मी काल बागेतल्या कामाचं विचारलं.

---

द्राक्षबाग_मिरज, मंगळवार, सायंकाळी ६:५०

धागा आत्ता वाचला. रंकाळाकाठ, मावसभावाची फळछाटणी झाली का? पेस्ट लावली का?

बाकीच्यांसाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. कॅनमधला माल पन्नास टक्क्यांच्या आसपास असतो, तो लिटरला ३० ते ४० मिली असा पातळ करतात. कापसाचा किंवा स्पंजचा बोळा त्यात बुडवून प्रत्येक डोळ्याला लावायचा. एकरात हजारो काड्या. दिवसभर हात ओले. कॅनवर ठळक लिहिलेलं असतं की कामाआधी आणि नंतर दारू घ्यायची नाही. आमच्याकडं जुनी माणसं म्हणतात, पेस्ट लावली की दोन दिवस बाटलीकडं बघायचं नाही.

---

रंकाळाकाठ, मंगळवार, रात्री ८:१५

आत्ता फोन केला. गोळी नाही, इंजेक्शन नाही, मलम नाही. छाटणी आधीच्या आठवड्यात झाली. दोन दिवस पेस्ट लावली, दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं, आंघोळ केली आणि गाडीला बसून संध्याकाळी कोल्हापुरात. पेग रात्री साडेआठला. हातमोजे होते, पण कापडी, आणि ते दोन्ही दिवस तेच. मनगटापाशी त्वचा लाल आहे म्हणाला, पण ती उन्हानं असेल असं त्याला वाटलं. त्याच्यासोबत तीन मजूर होते, त्यांतल्या एकाला गेल्या वर्षी असंच झालं होतं, तेव्हा सगळ्यांनी माल भेसळीचा होता म्हणून सोडून दिलं.

---

जीवरसायन, मंगळवार, रात्री ९:४०

आता चित्र बऱ्यापैकी जुळतं. क्रमानं बघू.

सायनामाइड त्वचेतून शरीरात जातं. शरीरातल्याच कॅटलेज या दुसऱ्या एन्झाइममुळे त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूप एएलडीएच-२ बंद करतं. सायनामाइडचंच कॅल्शियमयुक्त रूप काही देशांत दारू सोडवायचं औषध म्हणून वापरलेलं आहे, म्हणजे हा परिणाम ओळखीचा आहे. कापडी मोजा इथं हाताचं रक्षण करत नाही, उलट द्रावण धरून ठेवतो आणि तासन्‌तास त्वचेला चिकटवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तोच मोजा म्हणजे पहिल्या दिवसाच्या मात्रेवर दुसरी मात्रा. आंघोळीनं त्वचेवरचं धुतलं गेलं, आत गेलेलं नाही. काम संपल्यावर सहा-आठ तासांत पेग. काटा नेहमीसारखा चालला, दहा ग्रॅम अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होत गेलं, गव्हाण बंद. इतर तिघांना काही झालं नाही, कारण दोष बाटलीत नव्हताच.

दारू न घेता हेच झालं असतं का? ही लाली-धडधड नाही. मनगटाची त्वचा जळजळणं दारूशिवायही होतं, आणि त्यांनी ऊन समजलेली खूण बहुधा तीच आहे. मोजा भिजल्याचा तो पुरावा.

जपानी पाहुणे आणि मावसभाऊ यांची अडलेली जागा एकच. एकाची जन्मानं अडली, दुसऱ्याची हातांतून. म्हणून लक्षणं जुळी दिसली. फरक हा की पाहुण्यांना आपली मर्यादा कॉलेजपासूनच कळलेली आहे, ते अर्ध्या ग्लासावर थांबतात. मावसभावाला कळायला काही मार्गच नव्हता, आणि हात नेहमीच्या सवयीनं दुसऱ्या पेगाकडे गेला असता. तो गेला नाही, हे नशीब.

पुन्हा असं झालं तर पुढचा घोट बंद, आडवं झोपवून पाय उंच, उलटी होत असेल तर कुशीवर. छातीत दुखणं, बेशुद्धी, श्वास लागणं, किंवा बसल्यावरही डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर थेट दवाखाना. जाताना कॅनच्या लेबलचा फोटो न्या आणि 'सायनामाइड' हे नाव डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नाव सायनाइडसारखं वाटतं, पण हे सायनाइडसारखं काम करत नाही आणि सायनाइडचा उतारा याला लागू पडत नाही. घाईत हा गोंधळ होऊ शकतो.

---

तालीमवाला, मंगळवार, रात्री १०:०५

सर, हे पटलं. पण सेट्रिझिनचं राहिलं. लाली जाते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

जीवरसायन, मंगळवार, रात्री १०:५०

लाली कमी होत असेल, ते नाकारत नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरातल्या काही पेशींना हिस्टामाइन सोडायला लावतं, त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चेहरा लाल होतो. तुमचा 'अ‍ॅलर्जी' हा शब्द म्हणूनच निम्मा बरोबर आहे: शेवटची पायरी अ‍ॅलर्जीसारखी, सुरुवात अ‍ॅलर्जीची नाही. गोळी ती शेवटची पायरी अडवते. यार्ड तसंच तुंबलेलं राहतं, फक्त दिसत नाही.

आणि ते दिसणं गरजेचं आहे. मद्यपानातून येणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. ज्यांच्यात दोन्ही प्रती खराब आहेत ते पिऊच शकत नाहीत, त्यामुळे ते बहुतांशी वाचतात. धोका सर्वांत जास्त कुणाला? ज्याची एक प्रत खराब आहे आणि जो तरीही पीत राहतो त्याला. अन्ननलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण अशा लोकांत कितीतरी पट वाढलेलं जपानी अभ्यासांत दिसलं आहे. असा माणूस लाली लपवून दोनाचे चार पेग घेऊ लागला, तर गोळीनं त्याचं नुकसानच केलं. पाहुण्यांना सेट्रिझिन सुचवू नका, आणि 'अजून एक' असा आग्रहही करू नका. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचार आहे, पण ताटात रस्सा वाढताना करावा.

---

शिरोळकर, बुधवार, सकाळी ७:५५

सवयीनं लाली जाते म्हणतात ते खरं का? आणि घरच्या घरी तपासता येतं का? ७० टक्के अल्कोहोलची पट्टी दंडावर लावायची असं काहीतरी वाचलं होतं.

---

जीवरसायन, बुधवार, सकाळी ९:१०

सवयीनं लाली कमी होते, एन्झाइम वाढत नाही. म्हणून जपानमध्ये दोन प्रश्न विचारतात: आता एका लहान ग्लास बिअरनं, १८० मिलीच्या आसपास, चेहरा लाल होतो का? आणि प्यायला लागल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत होत होता का? दोन्हीपैकी एकाला जरी 'हो' आलं तरी दोष धरतात. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, कारण जुन्या पिणाऱ्याचं आजचं उत्तर फसवं असू शकतं. या दोन प्रश्नांवर बहुतेक सगळे ओळखू येतात.

पट्टीची चाचणी अशी: ७० टक्के इथेनॉलचे दोन-तीन थेंब, म्हणजे ०.१ मिली, कापडी पट्टीच्या गादीवर टाकायचे, दंडाच्या आतल्या बाजूला सात मिनिटं चिकटवायची, काढून दहा-पंधरा मिनिटांनी त्या जागी लाल चौकोन उमटतो का बघायचं. शेजारी नुसत्या पाण्याची पट्टी लावायची, नाहीतर चिकटपट्टीचीच लाली दोष समजली जाते. इथं एक चूक हमखास होते. दुकानातलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेतलं जातं आणि ते अनेकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्याचं शरीरात अ‍ॅसिटोन होतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड नाही, त्यामुळे चाचणीला अर्थ उरत नाही. लेबलवर इथेनॉल किंवा इथिल अल्कोहोल असं लिहिलेलं हवं.

पन्हाळकर, तुम्हाला याची गरज दिसत नाही.

---

द्राक्षबाग_मिरज, बुधवार, रात्री ८:३०

सर, एकच राहिलं. दोन दिवस पुरे का? मजूर एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात. छाटणीच्या हंगामात एक टोळी तीन-चार आठवडे सलग पेस्टच लावत असते.

---

जीवरसायन, बुधवार, रात्री ९:१५

सायनामाइडचा परिणाम डायसल्फिरॅमपेक्षा लवकर ओसरतो, औषधी मात्रेत साधारण एखाद्या दिवसात. पण औषधाची मात्रा मोजलेली असते, भिजलेल्या मोज्यातली नसते. त्यामुळे 'दोन दिवस' हा आकडा मी माझ्या नावावर देणार नाही, तुमच्या कॅनवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे पाळा. टोळीसाठी तर ते दिवस शेवटच्या बागेच्या शेवटच्या दुपारपासून मोजायचे, म्हणजे व्यवहारात हंगामभर बंद. कोपरापर्यंतचे नायट्राइलचे मोजे द्या, ते आतून ओले झाले की लगेच बदला, आणि बाही मोज्याच्या आत नाही, वर घ्या, नाहीतर उंच काडीला लावताना ओघळ थेट आत उतरतो.

---

द्राक्षबाग_मिरज, बुधवार, रात्री ९:३२

उलट की सर. हात वर करून काम असलं की ओघळ कोपराकडं येतोय. बाही वर असली तर मोज्यावरचं बाहेरून वाहत बाहीत शिरतंय. आम्ही बाही आत घालून मोज्याचं तोंड बाहेर दुमडतो, ओघळ त्या पन्हाळीत अडकतोय.

---

जीवरसायन, बुधवार, रात्री ९:४०

तुमचं बरोबर आहे. मी हात खाली धरून फवारणी करणाऱ्याचा विचार केला. मांडवाखाली तुमचीच पद्धत.

---

रंकाळाकाठ, गुरुवार, सकाळी ८:०५

मावसभाऊ काल इथल्या डॉक्टरांना दाखवून आला, रक्तदाब आणि ईसीजी ठीक आहे. लेबलचा फोटो मोठा करून पॅकिंग शेडमध्ये लावतोय, आणि गेल्या वर्षी ज्याला त्रास झाला त्या मजुराला स्वतः जाऊन सांगणार आहे. त्यानं एक विचारलंय: पेस्टच्या दिवसांत खोकल्याचं औषध चालतं का, त्यात अल्कोहोल असतं म्हणे?

---

फार्मसी_राजारामपुरी, गुरुवार, सकाळी ९:२०

काही सिरपमध्ये आणि बऱ्याच आसवा-अरिष्टांत असतं. अरिष्टांत ते आंबवण्यातूनच तयार होतं, बाटलीवर पाच ते दहा टक्क्यांपर्यंत लिहिलेलं सापडेल. तीस मिलीचा डोस म्हणजे एक-दोन ग्रॅम अल्कोहोल. पेगाच्या मानानं थोडं, पण गव्हाण बंद असताना ते मी देणार नाही. त्याला दुकानात यायला सांगा, बिनअल्कोहोलचं देतो.